नोकरी सोडून फ्रीलान्सिंग करायचंय? राजीनाम्याची तारीख आधी शीटमध्ये काढा

पुण्यात किंवा नागपुरात नोकरी करणाऱ्या आपल्या यवतमाळच्या बऱ्याच पोरांच्या डोक्यात एक विचार असतो. लॅपटॉप आहे, काम येतं, घरी वायफाय आहे, मग खोलीचं भाडं भरत बाहेर का राहायचं? गावी जाऊन फ्रीलान्सिंग का नाही करायचं?

घरी हा विषय काढला की वडील एकच प्रश्न विचारतात, "नोकरी सोडून रायला, पण महिन्याले किती येतीन?" आणि आपण उत्तर देतो, "तीस-चाळीस हजार तर कुठेच नाही गेले, बाबा."

इथेच गडबड होते. वडिलांचा प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच आहे. खरे प्रश्न दोन आहेत. किती येतील, आणि कधी येतील? फ्रीलान्सिंग सोडून परत नोकरी शोधणाऱ्या अनेकांकडे काम असतं. काम पूर्ण झालेलं असतं, बिलही पाठवलेलं असतं. फक्त पैसे खात्यात यायच्या आधी घरखर्चाची तारीख येते.

आजच्या लेखात आपण एक पूर्ण प्लॅन मोबाइलवरच्या गुगल शीट्समध्ये बनवणार आहोत. उदाहरण समजण्यासाठी बनवलेलं आहे, आकडे तुम्ही तुमचे टाका. पद्धत मात्र हीच ठेवा.

## उदाहरण: यवतमाळला परतणारा एक वेब डेव्हलपर

समजा एक २६ वर्षांचा मुलगा आहे. पुण्यात नोकरी करतो, हातात ३८,००० रुपये पगार येतो. खोली, मेस, गाडी आणि घरी पाठवायचे पैसे धरून खर्च २७,००० होतो. म्हणजे ११,००० उरतात. रात्री आणि रविवारी तो दोन क्लायंटच्या वेबसाइट सांभाळतो, त्यातून महिन्याला सरासरी १२,००० येतात. बँकेत सध्या ४०,००० शिल्लक आहेत. यवतमाळ जिल्ह्यात घरची कोरडवाहू शेती आहे, मुख्य पीक कापूस.

त्याला आता तीन आकडे काढायचे आहेत. महिन्याचा खरा खर्च, कामाचा दर, आणि पैसा यायला लागणारा उशीर. या तीन आकड्यांवरून राजीनाम्याची तारीख आपोआप निघते.

## पहिला आकडा: महिन्याचा खरा खर्च

"गावी राहिलं तर खर्चच काय असतो?" असं म्हणू नका. लिहून काढा. आपल्या डेव्हलपरने असा लिहिला:

- घरात द्यायचे: ८,०००
- बाइकचा हप्ता: ३,५००
- पेट्रोल आणि बाहेरचा खर्च: ३,०००
- बहिणीची फी: २,५००
- मोबाइल आणि इंटरनेट: १,२००
- आरोग्य विमा, वर्षाचा १२,००० धरून: १,०००
- इतर: २,०००

हे झाले २१,२००. बहुतेक जण इथेच थांबतात, पण अजून दोन खाती उघडायची आहेत.

एक म्हणजे धंद्याचा खर्च. नोकरीत लॅपटॉप कंपनी देते, इथे तो तुमचा असतो. ७२,००० चा लॅपटॉप तीन वर्षं चालेल असं धरलं, तर महिन्याला २,००० त्याच्यासाठी बाजूला पडले पाहिजेत. होस्टिंग आणि सॉफ्टवेअरचे १,५०० आणि सीएच्या फीसाठी ५०० धरा. एकूण ४,०००.

दुसरं म्हणजे वर्षातून एकदा येणारा खर्च. खरिपात बियाणं-खतासाठी घरी २०,००० द्यावे लागतात. दिवाळीचे ८,००० आणि बाइकचा विमा व सर्व्हिसिंगचे ५,६०० आहेत. हे ३३,६०० होतात, म्हणजे महिन्याला २,८००.

सगळं मिळून महिन्याचा खरा खर्च २८,०००. आधी मनात धरलेल्या २१,२०० पेक्षा हा ६,८०० ने जास्त आहे. वर्षाला हा फरक ८१,६०० होतो. "कमाई तर चांगली आहे, पण पैसा राहतच नाही" असं म्हणणाऱ्यांचा पैसा बऱ्याचदा याच फटीतून जातो.

## दुसरा आकडा: तासाचा दर

आता दर काढू. २८,००० खर्चात भविष्याची बचत नाही. नोकरीत पीएफ आपोआप कापला जात होता, तुमचा वाटा आणि कंपनीचाही. इथे तो तुम्हालाच काढायचा आहे. त्यासाठी ५,००० धरले तर ३३,००० होतात.

वर्षाचे बाराही महिने सारखं काम मिळत नाही. आजारपण, घरचं लग्न, क्लायंट नसलेले आठवडे हे सगळं येणारच. म्हणून वर्षात फक्त दहा महिने कमाईचे धरा. ३३,००० गुणिले १२, भागिले १०, हे ३९,६०० होतात. म्हणजे कामाच्या महिन्यात ४०,००० यायला हवेत.

तास किती? महिन्याला २५ दिवस, रोज आठ तास, असे २०० तास दिसतात. पण क्लायंट शोधणं, कोटेशन पाठवणं, कॉल, "दादा, जरा लोगो मोठा करा" आणि पैशाची आठवण करून देणं, याचं बिल लागत नाही. पहिल्या वर्षी बिल लागणारे तास १०० धरा. म्हणजे दर तासाला ४०० रुपये.

आता आपला डेव्हलपर जुनं काम तपासतो. छोट्या दुकानाची वेबसाइट तो ८,००० मध्ये करायचा. मोबाइलमधल्या टायमरवर वेळ मोजली तर दुरुस्त्या धरून ३५ तास लागले होते. म्हणजे तासाला २२९ रुपये पडले. नोकरी असताना हा वरखर्चाचा पैसा होता, म्हणून कधी टोचलं नाही. आता त्याच कामाचे १४,००० घ्यावे लागतील, नाहीतर तयार टेम्प्लेट वापरून ते २० तासांत उरकावं लागेल. दोन्ही जमत नसेल तर त्या प्रकारचं काम सोडावं लागेल. जास्त काम घेऊन हे नुकसान भरून निघत नाही, कारण तासच संपतात.

## तिसरा आकडा: पैसा यायला किती दिवस लागतात?

हा आकडा सर्वात महत्त्वाचा आहे आणि तो नोकरी सोडण्याआधीच मोजता येतो. आतापर्यंतच्या साइड कामांची एक शीट बनवा. A मध्ये काम सुरू केल्याची तारीख, B मध्ये क्लायंट, C मध्ये रक्कम, D मध्ये पूर्ण पैसे खात्यात आल्याची तारीख. E मध्ये हा फॉर्म्युला टाका आणि खाली ओढा:

```
=D2-A2
```

यातून प्रत्येक कामाला लागलेले दिवस दिसतील. ज्या कामाचे पैसे अजून आलेच नाहीत, त्याची ओळ सध्या वेगळी ठेवा. मग एका रिकाम्या खान्यात हे लिहा:

```
=MEDIAN(E2:E20)
```

इथे सरासरी न घेता मधला आकडा घेतला आहे. एखाद्याने दुसऱ्याच दिवशी पैसे टाकले किंवा एखाद्याने आठ महिने लावले, तर सरासरी फसवते. मधला आकडा तुमचा नेहमीचा अनुभव सांगतो.

समजा हा आकडा ७५ आला. याचा अर्थ १ जुलैला सुरू केलेल्या कामाचे पूर्ण पैसे सप्टेंबरच्या मध्यात हातात येणार. तोपर्यंत जुलै, ऑगस्ट आणि अर्धा सप्टेंबर जुन्या क्लायंटवर आणि बचतीवर काढायचा आहे. यात कोणी फसवलेलं नाही. काम चाललंय, सगळं व्यवस्थित आहे आणि तरी खातं रिकामं होतंय.

शेतकऱ्याच्या घरात हे नवीन नाही. जूनमध्ये पेरणी, खत, फवारणी, निंदण, आणि कापसाचा पैसा दिवाळीच्या सुमारास यायला लागतो. मधले महिने हातात पैसा नसतो म्हणून कोणी शेती तोट्यात म्हणत नाही, पण त्या महिन्यांची सोय आधी करावी लागते. फ्रीलान्सिंगमध्येही अशीच सोय करायची आहे, त्यालाच धंद्याच्या भाषेत खेळतं भांडवल म्हणतात.

## आता खड्डा मोजा

दुसरी शीट उघडा. A मध्ये महिना, B मध्ये खात्यात प्रत्यक्ष येणारा पैसा, C मध्ये बाहेर जाणारा पैसा, D मध्ये शिल्लक. पहिल्या ओळीत `=B2-C2` लिहा आणि पुढच्या ओळीपासून हे:

फॉर्म्युला साधाच आहे, मागच्या महिन्याची शिल्लक, अधिक आलेले, वजा गेलेले:

```
=D2+B3-C3
```

हा D3 मध्ये टाकून खाली ओढा. आपल्या डेव्हलपरची शीट अशी दिसते:

| महिना | आले | गेले | एकूण शिल्लक |
|---|---|---|---|
| जुलै | १२,००० | २८,००० | −१६,००० |
| ऑगस्ट | १२,००० | २८,००० | −३२,००० |
| सप्टेंबर | १५,००० | २८,००० | −४५,००० |
| ऑक्टोबर | ८,००० | २८,००० | −६५,००० |
| नोव्हेंबर | २२,००० | २८,००० | −७१,००० |
| डिसेंबर | ३०,००० | २८,००० | −६९,००० |
| जानेवारी | २५,००० | २८,००० | −७२,००० |
| फेब्रुवारी | ३६,००० | २८,००० | −६४,००० |

डिसेंबरला बघा. पहिल्यांदाच आवक खर्चापेक्षा जास्त झाली, म्हणजे गाडी रुळावर आली असं वाटेल. पण सर्वात खोल खड्डा जानेवारीत आहे, ७२,००० चा. तो आकडा शोधायला हा फॉर्म्युला वापरा:

```
=MIN(D2:D9)
```

हे ७२,००० त्याच्या धंद्याचं भांडवल आहे. याशिवाय तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे ८४,०००, वेगळा राखीव लागेल. दोन्ही मिळून १,५६,०००. "सहा महिन्यांचा पगार साठवा" असा सल्ला सगळीकडे मिळतो, पण तुमचा आकडा तुमच्या क्लायंटच्या सवयीवर ठरतो. चटकन पैसे देणारे क्लायंट असतील तर तो कमी येईल, उशिरा देणारे असतील तर जास्त.

## शीट खोटी निघाली तर?

शीटमधल्या B चे आकडे शेवटी अंदाज आहेत. म्हणून शीटची कॉपी करा आणि सगळी आवक निम्मी करा. निम्म्या आवकीत आठव्या महिन्याअखेर तूट १,४४,००० होते. म्हणजे १,५६,००० घेऊन निघालेला डेव्हलपर फेब्रुवारीतही कर्जात नसतो, पण त्याच्याकडे उरतात फक्त १२,०००. तोवर थांबणं म्हणजे फार उशीर.

म्हणून थांबण्याची रेघ आजच ठरवा, कारण खातं रिकामं होत असताना डोकं शांत राहत नाही. आपल्या डेव्हलपरची रेघ आहे ८४,०००. एकूण शिल्लक तिथे आली की त्या आठवड्यापासून अर्धवेळ काम किंवा नोकरी शोधायला लागायचं. निम्म्या आवकीच्या शीटमध्ये ही रेघ चौथ्या महिन्यात, ऑक्टोबरमध्ये ओलांडली जाते. त्या वेळी हातात जवळपास तीन महिन्यांचा खर्च असतो, म्हणजे मिळेल ती नोकरी पकडण्याची वेळ येत नाही.

ही रेघ घरीही सांगून ठेवा. "जमलं नाही तर?" या प्रश्नाला "जमेल ना" हे उत्तर देण्यापेक्षा "८४,००० वर आलो की नोकरी शोधतो" हे उत्तर वडिलांना जास्त पटतं.

## राजीनाम्याची तारीख

लागणारे १,५६,०००, हातात ४०,०००. म्हणजे १,१६,००० जमवायचे. नोकरीतून ११,००० आणि साइड कामातून १२,००० असे महिन्याला २३,००० बाजूला पडतात. साधारण पाच महिने लागतील.

पण इथे एक अडचण आहे. जानेवारीपासून साठवायला लागलं तर पाच महिने मेअखेर होतात आणि फ्रीलान्सिंगचा पहिला महिना जून येतो. जूनमध्ये घरी बियाणं-खताचे २०,००० द्यायचे असतात. आपण ते १२ महिन्यांत वाटून धरले होते, पण कृषी केंद्रवाला १२ महिन्यांत वाटून घेत नाही. पहिल्याच महिन्यात २८,००० ऐवजी ४५,२०० बाहेर गेले असते.

म्हणून तो जूनही नोकरीतच काढतो. सहा महिन्यांचे १,३८,००० आणि आधीचे ४०,०००, एकूण १,७८,०००. त्यातून खरिपाचे २०,००० देऊन १,५८,००० उरतात. जमतंय! नोटीस पीरियड ६० दिवसांचा असेल तर राजीनामा एप्रिलअखेर, शेवटचा दिवस ३० जून, आणि १ जुलैपासून स्वतःचं काम. पीएफ आणि शेवटच्या हिशोबाचे पैसे या प्लॅनमध्ये धरलेले नाहीत. ते आले तरी खर्चायचे नाहीत. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी पीएफ काढला तर त्यावर करही लागू शकतो.

## सगळे क्लायंट एकाच पावसावर नको

यवतमाळसारख्या जिल्ह्यात एक धोका शीटमध्ये दिसत नाही. गावी आलात की पहिले क्लायंट ओळखीतले मिळतात. कृषी केंद्र, कापड दुकान, कोचिंग क्लास, गाड्यांचं शोरूम. यांच्याकडचा पैसाही शेवटी कापूस आणि सोयाबीनवरच फिरतो. कृषी केंद्राचा माल पावसाळ्यात उधारीवर जातो आणि वसुली पीक विकल्यावर होते. तुमचं बिल सप्टेंबरमध्ये गेलं तर "दिवाळीनंतर बघू" हे उत्तर येणारच. वरच्या शीटमध्ये ऑक्टोबर ८,००० चा आणि डिसेंबर ३०,००० चा धरला आहे तो याच कारणाने.

अडचण पुढे आहे. ज्या वर्षी पाऊस दगा देतो किंवा बोंडअळी येते, त्या वर्षी घरची शेतीही बसते आणि दुकानदार क्लायंटही हात आखडतात. घराला तुमच्या पैशाची सर्वात जास्त गरज असते, नेमकं तेव्हाच तुमचं येणं थांबतं. नोकरीचा पगार पुण्यातून यायचा, त्याला इथल्या पावसाशी देणंघेणं नव्हतं. नोकरी सोडताना हे संरक्षणही सुटतं.

उपाय म्हणजे निदान अर्धी आवक जिल्ह्याबाहेरच्या क्लायंटकडून हवी. पुण्या-मुंबईच्या एजन्सी असोत की परदेशी क्लायंट. परदेशी कामात प्लॅटफॉर्मची फी आणि चलन बदलण्याचा खर्च जातो, म्हणून शीटमध्ये स्क्रीनवर दिसणारे डॉलर लिहू नका, बँकेत आलेले रुपये लिहा. आणि कुठल्याही एकाच क्लायंटकडून अर्ध्याहून जास्त पैसा येत असेल, तर ती पीएफ नसलेली नोकरीच आहे असं समजा.

## खड्डा लहान करायचे दोन मार्ग

पहिला, पैसे टप्प्यात घ्या. १४,००० च्या वेबसाइटसाठी ५० टक्के, म्हणजे ७,०००, काम सुरू करण्याआधी. ३० टक्के, म्हणजे ४,२००, डिझाइन पसंत पडल्यावर. उरलेले २,८०० साइट लाइव्ह करण्याआधी. दर तोच राहतो, पण अर्धा पैसा ७५ दिवसांऐवजी पहिल्याच दिवशी येतो. ओळखीच्या माणसाकडे ॲडव्हान्स मागायला जीभ रेटत नाही, खरं आहे. म्हणून तोंडी मागूच नका. कोटेशनमध्येच टप्पे लिहून व्हॉट्सॲपवर पाठवा आणि "मंजूर आहे" एवढा रिप्लाय घ्या.

दुसरा, उद्यम नोंदणी करा. `udyamregistration.gov.in` वर आधार आणि पॅनवरून ही नोंदणी मोफत होते. मध्ये कोणी पैसे मागत असेल तर ती सरकारी साइट नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत द्यायचे असतात, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी मुदत नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि तक्रार ऑनलाइन करता येते. नोंदणी काम घेण्याआधी करा, भांडण झाल्यावर नाही. ५,००० च्या बिलासाठी कोणी तक्रारीपर्यंत जात नाही, तिथे शेवटचा टप्पा मिळेपर्यंत साइट लाइव्ह न करणं हेच कामाला येतं. पण एजन्सीच्या मोठ्या बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की त्यांचा अकाउंट विभाग तारीख बघतो.

## स्वतःला पगार द्या

पैसा यायला लागला की दोन खाती वेगळी ठेवा. क्लायंटचा प्रत्येक रुपया कामाच्या खात्यात. तिथून दर महिन्याच्या १ तारखेला घरखर्चाच्या खात्यात २१,२०० ऑटो ट्रान्सफर. हा तुमचा पगार. धंद्याचे ४,००० आणि वर्षाच्या खर्चाचे २,८०० कामाच्या खात्यातच राहतात. ८४,००० चा राखीव पैसा मात्र यूपीआयला न जोडलेल्या तिसऱ्या खात्यात किंवा मोडता येईल अशा एफडीत ठेवा.

डिसेंबरमध्ये ३०,००० आले म्हणून पगार वाढवायचा नाही. आधी खड्डा भरायचा, मग पीएफऐवजी ठरवलेले ५,००० सुरू करायचे, आणि त्यानंतर पगारवाढ. चांगल्या महिन्यात नवीन फोन हप्त्यावर घेतला की तो हप्ता पुढच्या ऑक्टोबरमध्येही भरावा लागतो, हे लक्षात ठेवा.

## नोकरी असतानाच उरकायच्या गोष्टी

आरोग्य विमा: कंपनीचा ग्रुप विमा सहसा नोकरीबरोबर संपतो. नव्या पॉलिसीत आजारपणासाठी सुरुवातीचे ३० दिवस क्लेम मिळत नाही, अपघात वगळून. आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून पॉलिसी मे महिन्यातच घ्या, जुलैत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा ५ लाखांपर्यंतचा आधार आहे, पण तो ठरलेल्या रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांनाच मिळतो.

कर्ज: पगाराची स्लिप असताना कर्ज सोपं मिळतं, नंतर बँका सहसा दोन-तीन वर्षांचे आयटीआर मागतात. घरासाठी खरंच कर्ज लागणार असेल तर आधी विचार करा. पण त्याचा हप्ता २८,००० मध्ये मिळवून शीट परत चालवा.

## टॅक्सचं थोडक्यात

कंपनी क्लायंट वर्षाला ५०,००० पेक्षा जास्त फी देत असेल तर सहसा १० टक्के टीडीएस कापतो, काही तांत्रिक सेवांवर २ टक्के. एका एजन्सीकडून वर्षात १,२०,००० मिळणार असतील तर १२,००० कापले जाऊ शकतात. तुमचा कर शून्य असला तरी हे पैसे रिटर्न भरल्यावरच परत येतात. म्हणून B मध्ये नेहमी कापून आलेलाच आकडा लिहा.

आयटीसारख्या ठरावीक व्यवसायांना एकूण आवकीच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवण्याची सोय आहे. जुन्या कायद्यात हे कलम ४४एडीए होतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. व्हिडिओ एडिटिंग किंवा लेखन यात बसतं का, हे सीएला विचारा. सेवांसाठी जीएसटी नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की लागते. पहिल्या वर्षी ती चिंता बहुतेकांना नसते.

आणि कर शून्य असला तरी रिटर्न भराच. टीडीएस परत मिळवायला तो लागतो, आणि पुढे बँकेत तुमची सॅलरी स्लिप म्हणजे तोच.

## आज रात्री एवढंच करा

पहिली शीट उघडा आणि मागच्या दहा कामांच्या तारखा भरा. तारखा आठवत नसतील तर व्हॉट्सॲप चॅट आणि बँकेचे मेसेज शोधा, सापडतात. दहा कामं झालेलीच नसतील तर तेही एक उत्तर आहे. अजून काही महिने नोकरीसोबत साइड काम करा, मग शीट भरा.

तुमचा `MEDIAN` किती दिवसांचा आला ते कमेंटमध्ये नक्की सांगा. आणि ज्या मित्राने "बस, पुढच्या महिन्यात राजीनामा" असं ठरवलंय, त्याला हा लेख आधी पाठवा.